एमसीबी पडतोय, पण करंट नेमका कोण खातंय? क्लॅम्प मीटरने कसं शोधायचं

प्रश्न: "किचनचा १६ अँपिअरचा एमसीबी सकाळी वीस-पंचवीस मिनिटांनी पडतो, रात्री कधीच नाही. त्याच लाइनवर १५ लिटरचा २००० वॅटचा गीझर, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि फ्रीज आहे. बहुतेक वेळा मायक्रोवेव्ह लावला की पडतो, म्हणून तो दाखवून आणला, पण तो ठीक आहे म्हणाले. वायरमन म्हणतो २५ चा एमसीबी टाकू. क्लॅम्प मीटर घेतलाय, पण एक्स्टेंशनच्या वायरला लावला की शून्य दाखवतो. जास्त करंट कोण घेतंय हे कसं शोधू?"

उत्तर:

आधी शून्याचं बघू, म्हणजे मीटर खराब असल्याची शंका जाईल. क्लॅम्प मीटर वायरभोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मोजतो. एक्स्टेंशनच्या वायरमध्ये फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी असतात. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून उलट दिशेने परत येतो. दोन्ही वायरी एकदम मीटरच्या जबड्यात आल्या की दोघांची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणजे तुमचा मीटर बरोबर वागतोय. जबड्यात फक्त एकच वायर हवी, फेज किंवा न्यूट्रल.

आता मुख्य मुद्दा. एमसीबी पडायच्या क्षणी जे उपकरण चालू केलं तेच दोषी, असं समजू नका. एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झालं की चुंबकीय कॉइल क्षणात पाडते. ओव्हरलोडसाठी दोन धातूंची एक पट्टी असते, ती करंटने तापून वाकते आणि मग पाडते. ही पट्टी सावकाश तापते आणि आधीची उष्णता धरून ठेवते. १६ अँपिअरचा एमसीबी १६.१ ला पडत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार रेटिंगच्या १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर, त्याने तासभर तरी न पडता सोसायला हवेत. १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर झाले तर तासाभरात पडायलाच हवं. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल हे आधी तो किती तापलाय यावर ठरतं. "वीस-पंचवीस मिनिटांनी पडतो" यावरूनच कळतं की हे शॉर्ट सर्किट नाही, पट्टी तापून पडतोय. त्यामुळे तुम्हाला एका क्षणाचा आकडा पुरणार नाही. सकाळचा अर्धा-पाऊण तास मोजावा लागेल.

मोजायचं कुठे

दोन जागा आहेत आणि दोन्ही लागतील. डीबीत, म्हणजे एमसीबी बसवलेल्या बॉक्समध्ये, त्या एमसीबीमधून निघणारी फेज वायर पूर्ण लाइनची बेरीज दाखवते. प्लगच्या जागी एकेका उपकरणाचा आकडा मिळतो.

डीबीबद्दल स्पष्ट सांगतो. मेन स्विच बंद केला तरी मेनच्या वरच्या बाजूला येणाऱ्या वायरी आणि त्यांचे स्क्रू जिवंतच राहतात. यापूर्वी कधी डीबी उघडला नसेल तर झाकण वायरमनलाच काढू द्या, तुम्ही मीटरकडे बघा. काम या क्रमाने करा. मेन बंद, झाकण काढलं, किचनच्या एमसीबीच्या खालून निघणारी फेज वायर ओळखली, तिच्या इन्सुलेशनवरून जबडा अडकवला, जबडा पूर्ण मिटलाय हे पाहिलं, हात बाहेर काढले आणि मगच मेन चालू. मीटर तिथेच लटकू द्या. चालू डीबीत वायरींच्या गुंत्यात हात घालून जबडा सरकवायचा नाही. मीटरवर CAT III 600V असं लिहिलेलं असावं. ते नसेल तर तो मीटर डीबीत वापरू नका.

जबड्याची दोन टोकं नीट मिटली नाहीत किंवा मध्ये धूळ अडकली तर आकडा कमी येतो. वायर जबड्याच्या साधारण मध्यावर ठेवा. शेजारच्या एमसीबीची जाड वायर जबड्याला बाहेरून चिकटलेली नको, तिच्यामुळे शेवटचा अंक हलतो. डायल A~ वर ठेवा. २० आणि २०० अशा दोन रेंज असतील तर घरच्या कामाला २० ची बरी, पण बेरीज २० च्या वर गेली की स्क्रीनवर ओव्हररेंजची खूण येईल, तेव्हा २०० वर न्या.

प्लगच्या जागी मोजायला एक छोटी टेस्ट वायर बनवून घ्या. १६ अँपिअरचा थ्री पिन टॉप, १६ अँपिअरचं सॉकेट बसवलेला बॉक्स, आणि त्यांच्यामध्ये अर्धा मीटर लांबीच्या तीन सुट्या वायरी, २.५ चौरस मिमीच्या. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. वर एकत्र आवरण घालायचं नाही, हीच त्यातली गंमत. उपकरणाचा प्लग या बॉक्समध्ये, टॉप भिंतीच्या बोर्डात, आणि जबडा लाल वायरीवर. मायक्रोवेव्हची किंवा मशीनची स्वतःची केबल सोलून वायर बाहेर काढू नका. आतल्या इन्सुलेशनला ब्लेड लागला तर ते दिसतही नाही. ही टेस्ट वायर फक्त मोजण्यापुरती, रोजच्या वापराला नाही. बाथरूममध्येही नेऊ नका. गीझरचा आकडा डीबीतूनच घ्या.

फ्रीजसारखा लहान लोड मोजताना स्वस्त मीटरची अचूकता अपुरी पडते. तेव्हा लाल वायरीचे जबड्यातून पाच वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचने भागा. ४.५ आला तर खरा करंट ०.९.

पहिली फेरी: एकेक उपकरण

लाइनवरचं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा. डीबीतला मीटर आता ०.० दाखवायला हवा. अर्धा अँपिअर दिसला तर तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी या एमसीबीवर आहे: वॉटर प्युरिफायर, गॅलरीतला पॉइंट, माळ्यावरच्या टाकीचा पंप. जुन्या फ्लॅटमध्ये हे नेहमी आढळतं. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर शेवटची बेरीज जुळणार नाही.

मग व्होल्टेज मोजा. बहुतेक क्लॅम्प मीटरना त्यासाठी दोन प्रोब असतात. हा आकडा लिहून ठेवायचा, कारण त्याशिवाय अँपिअरवरून निष्कर्ष काढता येत नाही. गीझरची कॉइल म्हणजे ठरावीक रोध. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, २१५ ला ८.१ आणि २४५ ला ९.३. म्हणजे ९.३ दिसले तरी गीझर बिघडलेला नसतो, व्होल्टेज जास्त असतं. मोटरचं उलट होतं. व्होल्टेज फार पडलं तर फ्रीजचा कॉम्प्रेसर किंवा पंप जास्त करंट ओढतो.

आता एकेक लावा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून, २३० व्होल्टला साधारण हे आकडे यायला हवेत.

गीझर ८.७. थर्मोस्टॅट कट होईपर्यंत हा आकडा स्थिर राहतो आणि मग एकदम शून्य होतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २ किलोवॅटला सुमारे १८ मिनिटं लागतात. कोणी मध्येच अंघोळ करत असेल तर आणखी जास्त.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत एक फसगत होते. जाहिरातीत लिहिलेले ८०० वॅट हे अन्नाला मिळणारे असतात. बोर्डातून तो १२०० ते १३०० वॅट ओढतो, म्हणजे सुमारे साडेपाच अँपिअर. मागच्या नेमप्लेटवरचा इनपुटचा आकडा बघा. पॉवर निम्मी ठेवली की साधा मायक्रोवेव्ह निम्मा करंट घेत नाही. काही सेकंद पूर्ण घेतो, काही सेकंद जवळजवळ काहीच नाही. म्हणून मोजताना पूर्ण पॉवरवर, आत पाण्याची वाटी ठेवून मोजा.

फ्रीज चालू असताना अर्धा ते सव्वा अँपिअरच्या दरम्यान. सुरू होताना आकडा क्षणभर उडी मारतो, ते ठीक आहे. पण गुणगुणल्यासारखा आवाज, मीटरवर काही सेकंद सात-आठ अँपिअर, मग "टक्" आणि शून्य, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच, असं होत असेल तर कॉम्प्रेसर फिरतच नाहीये. रिले, कपॅसिटर किंवा खुद्द कॉम्प्रेसर गेलाय. हा खरा बिघाड.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण मला वॉशिंग मशीन वाटतं. चालू केल्यावर लगेच मोजलं तर जेमतेम अर्धा अँपिअर दिसेल आणि तुम्ही त्याला यादीतून काढून टाकाल. फ्रंट लोड मशीन आधी पाणी भरतं, ड्रम थोडा फिरवतं आणि मग आतला हीटर लावतं. हीटर लागला की आकडा एकदम आठच्या पुढे जातो. ४० अंशांवर लावलं असेल तर पाणी तापेपर्यंत तो तसाच राहतो, ६० वर आणखी लांबतो. पाणी तापलं की पुन्हा एक-दोन अँपिअर. म्हणून मशीन पूर्ण सायकल चालवून मोजायचं, आणि घरचे रोज लावतात तोच प्रोग्रॅम लावून. टॉप लोडमध्ये बहुधा हीटर नसतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरी फेरी: नेहमीची सकाळ

आता खरी चाचणी. डीबीतल्या वायरवर मीटर अडकवलेला, मेन चालू, आणि घर नेहमीसारखं चालू द्या. उघड्या डीबीपासून मुलांना लांब ठेवा. समोर उभं राहून आकडे लिहायची गरज नाही. मोबाइल स्टँडवर लावून मीटरच्या स्क्रीनचा व्हिडिओ घ्या आणि कोणी काय चालू केलं ते तोंडाने बोला, म्हणजे वेळ आणि कारण एकत्र रेकॉर्ड होईल. बरेच मीटर १५ मिनिटांनी आपोआप बंद होतात. काही मॉडेलमध्ये एखादं बटण दाबून धरत मीटर चालू केलं की ते टळतं, माहितीपत्रकात बघा. नाहीतर दर दहा मिनिटांनी मीटरचं डीबीच्या बाहेर राहणारं बटण दाबत राहा. वायर किंवा जबड्याला हात लावू नका.

मला जे घडत असेल असं वाटतं ते आकड्यांत मांडतो. सव्वासहाला गीझर लागतो, ८.७. फ्रीज आधीच चालू, ०.९. बेरीज ९.६. मशीन लावलं, सुरुवातीला १० च्या आसपास. पाच-सहा मिनिटांनी त्याचा हीटर लागला, मशीन एकटंच ८.३ वर गेलं, बेरीज १७.९. आता एमसीबी रेटिंगच्या १.१२ पटीवर आहे. तो पडणार नाही, पण आतली पट्टी तापत राहते. पंधरा मिनिटं असं चाललं आणि कोणी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला. ५.६ वाढले, २३.५ झाले, १.४७ पट. थंड एमसीबीने हे काही मिनिटं सहज सोसले असते. तापलेली पट्टी मिनिट-दोन मिनिटांत पाडते. म्हणून नाव मायक्रोवेव्हचं येतं. रात्री गीझर बंद असतो, तेव्हा तोच मायक्रोवेव्ह, तेच मशीन आणि फ्रीज मिळून १४.८, आणि काहीच होत नाही.

तुमच्या व्हिडिओत आकडे थोडे वेगळे येतील, पण आकार असाच असेल तर तुमचं एकही उपकरण बिघडलेलं नाही. बेरीज जास्त आहे. बिघडलेलं उपकरण ओळखायची खूण वेगळी: पहिल्या फेरीतला त्याचा एकट्याचा आकडा नेमप्लेटपेक्षा स्पष्ट जास्त येतो. तापवणाऱ्या उपकरणात, व्होल्टेजचा हिशेब धरून, पाच टक्क्यांहून जास्त वाढ बहुधा दिसत नाही. कॉइल जाते तेव्हा ती तुटून शून्य होते किंवा अर्थिंगला लागते, सावकाश जास्त खायला लागत नाही. जास्त खाणारी उपकरणं म्हणजे मोटरची: जाम झालेला पंप, कपॅसिटर गेलेली मोटर, मागची जाळी धुळीने बंद झालेला फ्रीज किंवा एसी.

एक शक्यता तपासायची राहते. व्हिडिओत बेरीज १३-१४ च्या वर गेलीच नाही आणि तरी एमसीबी पडला, तर दोष उपकरणात नाही, एमसीबीत किंवा त्याच्या स्क्रूत आहे. स्क्रू सैल असला की तिथेच उष्णता तयार होते, ती पट्टीला मिळते आणि कमी करंटलाही एमसीबी पडतो. वायरीचं टोक काळपट, इन्सुलेशन कडक किंवा तडकलेलं, प्लास्टिकचा जळका वास, या त्याच्या खुणा. मेन बंद करून वायरमनकडून टोक कापून नवीन करून घ्या आणि एमसीबी बदला, १६ चाच. शिवाय एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमानाला ठरवलेलं असतं. किचनमध्ये, ओट्याच्या वर, मे महिन्यात डीबीच्या आत त्याहून बरंच गरम असतं आणि तो लवकर पडतो. तो त्याचा दोष नाही.

२५ चा एमसीबी का नको

यात भिंतीतली वायर किती जाडीची आहे यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते मला इथून कळणार नाही. पण पॉवरच्या लाइनला बहुतेक घरांत २.५ चौरस मिमीची वायर असते आणि सॉकेट १६ अँपिअरची. २५ चा एमसीबी ३६ अँपिअरपर्यंतचा करंट तासभर जाऊ देऊ शकतो. पाइपमध्ये इतर वायरींसोबत कोंबलेली २.५ ची वायर आणि १६ चं सॉकेट हे सोसत नाही. एमसीबी पडायचा थांबेल आणि वायर तापायला लागेल, तेही भिंतीच्या आत, जिथे कोणाला दिसणार नाही. तुमच्या वायरमनला सांगा की वायर न बदलता एमसीबी वाढवायचा नाही.

योग्य उपाय म्हणजे गीझरला डीबीपासून वेगळी लाइन. ४ चौरस मिमीची फेज आणि न्यूट्रल, अर्थिंगची स्वतंत्र वायर, १६ किंवा २० चा स्वतःचा एमसीबी. त्यानंतर किचनच्या लाइनवर मशीन ८.३, मायक्रोवेव्ह ५.६ आणि फ्रीज ०.९, सगळे एकदम चालले तरी १४.८, म्हणजे १६ च्या आत. मिक्सर आणि इंडक्शनही त्याच बोर्डावर असतील तर तो हिशेब पुन्हा करा. एकटी २००० वॅटची इंडक्शन शेगडी गीझरइतकीच असते.

ते काम होईपर्यंत गीझर आणि मशीनचा हीटर एका वेळी चालू देऊ नका. मशीन गार पाण्याच्या प्रोग्रॅमवर लावा, किंवा गीझर कट झाल्यावर लावा. मायक्रोवेव्ह बंद ठेवायची गरज नाही. गीझर आणि फ्रीजसोबत तो १५.२ होतो.

गीझर या लाइनवर आहे म्हणून डीबी उघडलेला असतानाच आणखी एक तपासणी करून घ्या. मेन बंद करून या सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्या, मेन चालू करा आणि गीझर लावा. आता सुरुवातीला तुम्हाला खटकलेलं शून्य यायलाच हवं. त्याऐवजी ०.२ किंवा जास्त दिसले तर दोन शक्यता. एकतर न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळलाय, किंवा करंट गीझरच्या कॉइलमधून अर्थिंगकडे जातोय. पहिली ओळखायला एमसीबी बंद करून बघा. तरीही आकडा राहिला तर न्यूट्रल मिसळलाय. गीझर चालू करतानाच आकडा येत असेल आणि बंद करताच जात असेल तर गीझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. मात्र साधा क्लॅम्प मीटर शून्य दाखवतो म्हणून गळती नाही असं समजू नका. माणसाला धोका करायला ३० मिलिअँपिअर पुरतात आणि तेवढं तुमच्या मीटरला दिसत नाही. ते बघायला गळतीचा वेगळा क्लॅम्प मीटर लागतो आणि कायमच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. तुमच्या डीबीत तो आहे का ते बघा. टेस्टचं बटण असलेला, रुंद स्विच. नसेल तर गीझरची नवी लाइन टाकताना वायरमनकडून तोही बसवून घ्या.